खाण्याचा वाटा: घरखर्चाची रेष कशी वाचायची?

ताईंनो, घरखर्च वाढला की किराणाही वाढतो. पण एकूण खर्चात खाण्याचा वाटा मात्र कमी होतो. जर्मनीतल्या अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली हे दाखवून दिलं. आपल्या देशात सरकारी पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण घरात शंभरातले ५९ रुपये खाण्यावर जायचे. २०२२-२३ मध्ये ४६.

आपल्या गटात हे काढायचं तर उत्पन्न नको, महिन्याचा खर्च घ्या. बारामती-इंदापुरात उसाचं बिल एकदम हाती येतं, पण चूल रोज पेटते. गटातली बचत आणि कर्जाचा हप्ता खर्चात धरू नका. दिवाळीचा किंवा लग्नाचा महिना टाळा.

पाच माणसांची तीन घरं उदाहरणादाखल घेऊ:

एकूण ८,००० – खाणं ४,८०० – वाटा ६० टक्के
एकूण १६,००० – खाणं ८,००० – वाटा ५० टक्के
एकूण ३२,००० – खाणं १२,८०० – वाटा ४० टक्के

खाण्याचे रुपये वाढतच गेले, पण खर्च दुप्पट झाला की वाटा दर वेळी १० टक्क्यांनी उतरला. कागदावर आडवा खर्च आणि उभा वाटा मांडला, की रेष आधी झपकन उतरते, मग सपाट होत जाते. कारण पहिले ८,००० वाढले तेव्हाच वाटा १० टक्के उतरला. पुढच्या १० टक्क्यांसाठी १६,००० वाढावे लागले.

आता चौथं घर बघा. एकूण ११,०००, खाणं ४,४००, म्हणजे वाटा ४० टक्के. आपल्या रेषेप्रमाणे तो ५५ च्या आसपास हवा. मग घर सुखात आहे का? नाही, हिशोब अर्धा आहे. घरच्या गाईचं रोज दीड लिटर दूध घरातच लागतं: महिन्याला ४५ लिटर, ३२ रुपयांनी १,४४० रुपये. शेतातली ४० किलो ज्वारी, ३० रुपयांनी १,२००. हे २,६४० रुपये खाण्यातही मिळवायचे आणि एकूण खर्चातही. मग खाणं ७,०४०, एकूण १३,६४०, वाटा सुमारे ५२ टक्के. घर रेषेवर आलं. रेशनचं धान्यही असंच भाव लावून धरायचं.

सगळं धरूनही एखादं घर रेषेच्या बरंच खाली राहिलं, तर दवाखान्याचं बिल विचारा. आजारपणानं एकूण खर्च फुगतो आणि खाण्याचा वाटा कमी दिसतो. ती बरकत नव्हे. अशा वेळी खाण्याचे रुपये मागच्या महिन्यांशी ताडून पाहा. तेही घटले असतील, तर घरात पोटाला चिमटा बसतोय. कर्जाची मागणी लिहिताना गटानं हे आधी बघावं.

घरंही सारख्या माणसांचीच जोडा. तिघांचं आणि आठ जणांचं घर एका रेषेवर मोजता येत नाही.