शोकसंदेश कसा लिहावा?

मुलांनो, समजा, शेणवा गावातील एक निवृत्त गुरुजी वारले. त्यांच्या माजी विद्यार्थ्यांना वर्तमानपत्रात शोकसंदेश द्यायचा आहे. त्यांनी काय करावे?

निधनाची बातमी कुटुंब देते. शोकसंदेश इतर लोक देतात. म्हणून प्रथम गुरुजींच्या घरी जावे. छापायला त्यांची संमती घ्यावी आणि पूर्ण नाव कागदावर लिहून घ्यावे. नावाआधी कोणता शब्द हवा, हेही विचारावे. 'कै.' म्हणजे कैलासवासी. हा शब्द हिंदू कुटुंबांत चालतो. मुस्लिम कुटुंबांत 'मरहूम' म्हणतात. 'दिवंगत' हा शब्द सर्वांना चालतो.

आता तारखा पाहा. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींची जन्मतारीख १ जून १९४१ आहे. पूर्वी खरी तारीख ठाऊक नसली, की शाळेत पुष्कळदा १ जूनच लिहीत. म्हणून घरच्यांना विचारावे. त्यांनाही खात्री नसेल, तर फक्त वर्ष छापावे. ही तारीख खरी धरली, तर ९ जानेवारी २०२४ रोजी गुरुजींना ८२ वर्षे पूर्ण होऊन ८३ वे चालू होते. तेव्हा 'वयाच्या ८३ व्या वर्षी' असे लिहावे. '८३ वर्षांचे होते' असे लिहिणे चूक ठरेल.

जाहिरातीचे पैसे जागेप्रमाणे पडतात. ८ सेंटीमीटर रुंद व १० सेंटीमीटर उंच जागा म्हणजे ८० चौरस सेंटीमीटर. तेवढ्यात मजकूर असा बसतो :

भावपूर्ण श्रद्धांजली
(छायाचित्र)
दिवंगत (गुरुजींचे पूर्ण नाव)
जन्म : १ जून १९४१
निधन : ९ जानेवारी २०२४
आम्हांला अक्षर शिकवणाऱ्या गुरुजींना आमचे वंदन.
शोकसभा : शुक्रवार, १२ जानेवारी २०२४, दुपारी ४ वाजता, शाळेचे पटांगण, शेणवा
– माजी विद्यार्थी

नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत असावे. शीर्षक त्याहून लहान आणि बाकी मजकूर सर्वांत लहान, पण एकाच वळणाचा असावा. भोवती एक बारीक काळी रेघ पुरे. फुले, दिवे, नक्षी काढली, की नजर नावावरून ढळते.

छायाचित्र ३ सेंटीमीटर रुंद, ४ सेंटीमीटर उंच ठेवावे. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते व चित्र काळवंडते. म्हणून चेहऱ्यावर उजेड असलेले, फिकट पार्श्वभूमीचे छायाचित्र निवडावे. समूहचित्रातून लहानसा चेहरा कापून मोठा केला, तर तो पुसट दिसतो.

शोकसंदेश शोकसभेच्या आदल्या दिवशी तरी छापून आला पाहिजे. छापण्यापूर्वी नमुना घरच्या माणसाला दाखवावा. नावातली काना-मात्रेची चूक परक्याच्या ध्यानात येत नाही, घरच्यांना मात्र ती लगेच दिसते. हे कात्रण ते वर्षानुवर्षे जपून ठेवतात.

शब्दार्थ
दिवंगत – मरण पावलेला
शोकसभा – मृताच्या आठवणीसाठी भरलेली सभा
कात्रण – वर्तमानपत्रातून कापलेला तुकडा

स्वाध्याय
१. नावाआधीचा शब्द घरच्यांना का विचारावा?
२. एका गृहस्थांचा जन्म ५ मार्च १९५० रोजी झाला व निधन २ फेब्रुवारी २०२० रोजी झाले. 'वयाच्या ... व्या वर्षी' ही रिकामी जागा भरा.