लोकलचा खडखडाट आणि इअरफोन

डोंबिवली ते सीएसएमटी या रोजच्या प्रवासात माझ्या कानांना इजा झाली. गाणी हे कारण खरंच, पण आवाज वाढवायला लावला तो गाडीच्या खडखडाटाने. भरलेल्या डब्यात चाकं, वारा, पंखे आणि माणसं यांचा मिळून आवाज सहज 80-85 डेसिबलच्या आसपास जातो. साध्या इअरफोनमधून तो आत येत राहतो. गाण्याचे शब्द कळावेत म्हणून आपण त्याच्याही वर आवाज नेतो, आणि तो 95 ला पोचला तरी गोंगाटात बेताचाच वाटतो.

उतरल्यावर कानात बारीक शिट्टी वाजायची, कानाला दडे बसायचे. रात्रीपर्यंत ते ओसरायचं. नंतर शिट्टी सकाळीही राहू लागली, तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री केली. आलेखातली रेघ 4000 हर्ट्झला खाली गेली होती आणि 8000 ला पुन्हा वर आली होती. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण. अंतर्कर्णातल्या मेलेल्या केशपेशी पुन्हा येत नाहीत, त्यामुळे आता गर्दीत ‘स’, ‘श’ असे उच्चार माझ्याकडून निसटतात.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लक्षात ठेवायला सोपी आहे. मोठ्यांना 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तास, मुलांना तेवढाच वेळ पण 75 वर. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5. 95 ला उरतो सव्वा तास, म्हणजे सोमवारी सकाळची एक फेरी. आठवड्याचे दहा तास प्रवासात ऐकायचं असेल, तर आवाज 86 च्या वर जाताच कामा नये.

म्हणून आवाज घरी, शांत खोलीत ठरवा. साधारण निम्म्यावर, फार तर 60 टक्क्यांवर, आणि गाडीत त्याला हात लावू नका. टक्के म्हणजे डेसिबल नव्हेत, इअरफोन बदलला की तेही बदलतात. आयफोनमध्ये Settings, Sounds & Haptics, Headphone Safety इथे Reduce Loud Audio चालू करून मर्यादा 80 वर ठेवता येते. तेवढ्यात ऐकू येत नसेल तर कानात घट्ट बसणारी रबरी बोंडं योग्य मापाची घ्या, किंवा बाहेरचा आवाज कापणारा नॉइज कॅन्सलिंग इअरफोन घ्या. मी तोच वापरते, आणि आवाज निम्म्याच्या खालीही पुरतो. मात्र फलाटावर आणि रस्ता ओलांडताना तो काढायचाच, कारण त्यात गाडीचा भोंगाही दबतो.

शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर तपासणी करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येणं कमी झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच जास्त उपयोगी पडतात.