पाणी हळू काढा, पायऱ्या टिकतील

2024 च्या जूनमध्ये मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगेतला गाळ काढायला कंत्राटदाराने थेट पायऱ्यांवरून यंत्र खाली उतरवलं आणि पायऱ्यांचे दगड फुटले. पोलिसांत तक्रार झाली, वर्तमानपत्रांत फोटो आले. यंत्राने मोडलेली पायरी निदान लगेच दिसते. गावोगावच्या पुष्करणी आणि बारवांचं जास्त नुकसान होतं ते पंपाने, आणि ते कळायला एक पावसाळा जावा लागतो.

कारण समजून घेतलं की पुढची सगळी कामं आपोआप क्रमाने लागतात. काळ्या पाषाणाच्या पायऱ्या बहुधा चुन्याशिवाय, नुसत्या एकमेकांवर बसवलेल्या असतात. त्यांच्यामागे माती आणि मुरूम असतो, आणि त्या मातीतलं पाणी तळ्यातल्या पाण्याच्याच पातळीवर उभं असतं. दोन्ही बाजूंचा दाब सारखा, म्हणून भिंत निवांत उभी असते. मोठा पंप लावून दोन दिवसांत तळं कोरडं केलं की पुढचा दाब जातो, मागचा राहतो. सांधे मोकळे असतील तर मागचं पाणी पाझरून निघतं. पण बहुतेक ठिकाणी सांध्यांत गाळ बसलेला असतो किंवा मागच्या कुणी उत्साहाने सिमेंट भरलेलं असतं. मग भिंत पोटातून पुढे येते. त्या दिवशी ढासळली नाही, तर पहिल्या जोराच्या पावसात ढासळते.

म्हणून काम उन्हाळ्यात करायचं. एप्रिल-मे महिन्यांत आसपासच्या विहिरींची पातळी खाली गेलेली असते, भिंतीमागे पाणी कमी असतं. तयारी मात्र त्याच्या दोन महिने आधीच सुरू करावी लागते, कारण परवानगीला वेळ लागतो. तळं संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक घमेलंही उचलता येत नाही. संरक्षित नसेल तरी देवस्थान आणि ग्रामपंचायत यांचा ठराव कागदावर असलेला बरा. गुरवांशी आणि पुजाऱ्यांशी त्याच वेळी बसून बोलावं: कोणत्या तिथीला कोणतं पाणी लागतं, कोणता घाट बंद करता येणार नाही, कामाआधी पूजा कधी करायची. ही बैठक टाळली की काम अर्ध्यावर अडतं, आणि अडवणाऱ्याचं बहुतेक वेळा बरोबर असतं.

आता मोजणी. दहा-बारा मिलिमीटरची लोखंडी सळई घ्या आणि दर दोन मीटरवर गाळात दाबत जा. गाळात ती हाताने जाते, मुरुमाला लागली की करकरते, दगडाला लागली की ठण् वाजते. वहीत आकडे मांडले की गाळाखालच्या पायऱ्या कुठवर आहेत ते पाणी न काढता कळतं. भिंतीवर लाइनदोरी आणि ओळंबा लावून फुगवटे मोजा, त्या दगडांवर खडूने क्रमांक घाला आणि फोटो काढा. पंप सुरू झाल्यावर हाच फुगवटा रोज मोजायचा आहे.

एक मध्यम आकाराची पुष्करणी धरू. वरून अठरा मीटर चौरस, तळाशी दहा मीटर चौरस. गाळावर दोन मीटर पाणी, तळात सव्वा मीटर गाळ आणि खालच्या पायऱ्यांवर साचलेला थोडा वेगळा. एकूण गाळ सुमारे 140 घनमीटर, म्हणजे पन्नास ब्रास. पाणी दिवसाला एका वितीपेक्षा जास्त उतरवायचं नाही, म्हणजे दोन मीटर उतरायला नऊ-दहा दिवस लागतील. ठेकेदाराला हे पटत नाही, कारण त्याचा पंप भाड्याचा असतो. करारातच लिहून घ्या.

या दिवसांत एका माणसाने फक्त सांध्यांकडे पाहायचं. सांध्यांतून स्वच्छ पाणी पाझरत असेल तर आनंद आहे, भिंत मोकळी होतेय. पाणी गढूळ झालं की पंप थांबवायचा, कारण मागची माती वाहून येतेय आणि तिथे पोकळी होतेय. वरच्या फरशीवर खळगा पडला, दोन दगडांत नवी फट दिसली किंवा ओळंब्याचा आकडा वाढला, तरी तेच. एक-दोन दिवस थांबूनही गढूळपणा गेला नाही, तर वीतभर पाणी परत वर येऊ द्या आणि जाणकार गवंडी किंवा अभियंता पाहून जाईपर्यंत पुढे जाऊ नका.

संथपणाचा दुसरा फायदा पाण्यातल्या जिवांना होतो. पाणी हळू उतरतं तेव्हा मासे आणि कासवं खोल भागाकडे सरकतात. त्यांना सकाळच्या गारव्यात जाळ्याने पकडून त्याच तळ्याच्या पाण्याने भरलेल्या टाकीत किंवा जवळच्या डोहात नेता येतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे तळं एकदम कोरडं न करणं. वाळूच्या पोत्यांचा बांध घालून अर्धा भाग आधी साफ करायचा आणि दुसऱ्या अर्ध्यात पाणी राहू द्यायचं. पूजेची कळशी भरायलाही तेच पाणी उपयोगी पडतं. नंतर मासे सोडायचे झाले तर याच तळ्यातले किंवा जवळच्या ओढ्यातले. डासांसाठी म्हणून गप्पी आणि गंबुशिया सर्रास सोडतात. हे बाहेरचे मासे आहेत आणि गंबुशिया तर स्थानिक माशांची पिल्लं व बेडकांची अंडीही फस्त करतो. तिलापिया सापडला तर तो परत सोडू नका.

गाळात उतरताना नाकावर भिस्त ठेवू नका. ढवळलेल्या गाळातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो. तो फार वाढला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. तोच खरा धोक्याचा क्षण. उघड्या पुष्करणीत वारा असतो, पण पायविहिरीच्या खोल तोंडाशी किंवा बंदिस्त कोनाड्यात एकट्याने जाऊ नये. कमरेला दोर, वर दोन माणसं. डिझेल इंजिन तळात कधीच उतरवू नये, धुराने माणूस गुदमरतो. विजेचा पंप असेल तर गळती होताच वीज तोडणारं यंत्र जोडा आणि पंप चालू असताना कुणीही पाण्यात नको.

गाळ घमेल्याने, माणसांच्या साखळीने काढायचा. बारा-पंधरा माणसांना पन्नास ब्रासला साधारण दोन आठवडे लागतात. चढायची वाट एकाच बाजूने ठेवा आणि तिथल्या पायऱ्यांवर वाळूची पोती टाकून वर फळ्या अंथरा. बादलीसाठी क्रेन वापरायला हरकत नाही, पण ती काठापासून भिंतीच्या उंचीइतकी तरी दूर उभी हवी, कारण तिचं वजन भिंतीमागच्या मातीवर येतं. जेसीबीला पायऱ्यांवर जागा नाही.

शेवटची वीत सर्वांत नाजूक. इथे टिकाव नको, लाकडी खुरपं घ्या. गाळ काळा, लोण्यासारखा मऊ असतो, त्यात प्लास्टिक, नारळाच्या करवंट्या, बांगड्यांचे तुकडे असतात. पिवळसर मुरूम, दगडाच्या कपच्या किंवा घट्ट चिकण माती लागली की थांबा, तो मूळ तळ आहे. त्याखाली खणाल तर पाणी धरणारा थर फुटेल, आणि त्यावर काँक्रीट घालाल तर झरे बुजतील. दोन्ही चुका सुशोभीकरणाच्या नावाने होतात.

नाणी, मूर्ती, कोरीव तुकडे निघाले तर जागेचा फोटो काढा, खोली लिहा आणि सावलीत ठेवा. शेंदूर, तेल, अॅसिड काही लावू नका. 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार सापडलेल्या मौल्यवान वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. मूर्ती परस्पर देवळात बसवून टाकायचा मोह होतो, तो आवरावा.

गाळ शेतकरी मागतात आणि द्यायलाही हवा, पण विसर्जन होत असेल तर नाही. रंगवलेल्या मूर्तींच्या रंगांत शिसं असू शकतं, आणि प्लास्टर तर तळाशी थरच धरतं. वरचा थर वेगळा काढा, मातीची तपासणी करून मगच शेतात टाका.

सुटलेला दगड परत बसवताना खाली मुरूम कुटून कपच्यांनी पाचर द्यायची, मागे खडी भरायची आणि जिथे मूळ चुना आहे तिथे चुनाच वापरायचा. सांध्यात सिमेंट नको, कारण त्या सांध्यांनीच भिंत श्वास घेते. पिंपळाचं किंवा उंबराचं रोप खेचून काढू नका. मूळ दगडामागे गेलेलं असतं, खेचलं की दगड घेऊनच येतं. बुंधा दगडाबरोबर कापा आणि फुटवा आला की परत कापा.

मग येतो भाविकांचा प्रश्न. बाणगंगेत सर्वपित्री अमावास्येनंतर मेलेले मासे तरंगताना मुंबईकरांनी अनेकदा पाहिले आहेत. पिंड, दूध, तूप पाण्यात गेलं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर प्राणवायू कमी पडल्याची खूण समजा. विधी बंद करायचं कारण नाही. एका घाटाशी तळ्याच्याच पाण्याने भरलेलं दगडी कुंड ठेवा, पिंड त्यात सोडा आणि संध्याकाळी काढून खतात घाला. अभिषेकाचं पाणी गोमुखातून तळ्यात येत असेल तर ते वेगळ्या शोषखड्ड्याकडे वळवा.

सुरक्षेसाठी जुन्या पायऱ्यांना भोकं पाडून स्टीलचे कठडे बसवतात, तसं करू नका. काठाच्या बाहेर नव्या चौथऱ्यावर खांब रोवता येतात. पाण्यात तरंगणारी दोरी बांधा; पाणी चढलं-उतरलं की तीही चढते-उतरते आणि कुठवर उतरायचं ते माणसाला दिसतं. एकाच घाटाच्या पायऱ्या काथ्याच्या ब्रशने शेवाळमुक्त ठेवा, बाकीचं शेवाळ असू द्या. खोलीची पाटी, दोर आणि हवा भरलेली ट्यूब हाताशी हवी.

पहिला पाऊस येण्याआधी गाळ कुठून आला ते शोधा. बहुधा रस्त्याचं गटार किंवा उघडी डोंगरउताराची माती असते. पाणी आत येण्याच्या वाटेवर मीटरभर खोल गाळकुंडी बांधा, पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेरच वळवा, सांडपाण्याचा नळ दिसला तर आधी तो तोडा. गाळकुंडी जुलैत आणि सप्टेंबरात रिकामी करायची जबाबदारी देवस्थानच्या वहीत एका माणसाच्या नावावर लिहा. त्याच वहीत दर आठवड्याला पाण्याची पातळी आणि त्या क्रमांकाच्या दगडांचा ओळंब्याचा आकडा टिपत जा. दिवाळीपर्यंत तो आकडा हलला नाही, तर भिंत बसली.