येळवस, हुरडा आणि कोपरावरचे चट्टे

येळवशीला आंबील प्यायलास आणि पंधरा दिवसांत कोपराचे चट्टे फुलले, म्हणून घरच्यांनी तुझं आंबट बंद केलं. आंबिलीला उगाच बदनाम करू नका. त्याच दिवसांत गावोगाव हुरडा पार्ट्या असतात आणि तिथं रोज रात्री क्वार्टर असते, ते घरी कुणी सांगत नाही.

तुझे चट्टे सोरायसिसचे. त्यात अंगाची बचावफौज विनाकारण चवताळलेली असते. एरवी कातडीचा थर वर यायला महिनाभर लागतो, इथं तो काही दिवसांतच येतो आणि खपल्या साचतात. दारूनं रक्तातली दाह वाढवणारी द्रव्यं वाढतात, आतड्याचं अस्तर सैल पडतं, तिथल्या जंतूंचे अंश रक्तात शिरतात आणि फौज आणखी भडकते. बिअर म्हणजे दारू नव्हे, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस.

तुझ्या मामाचं दुखणं वेगळं, रोझेशिया. दारूनं चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या फुगतात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, पण गाल तापतात, चुरचुरतात, बारीक पुटकुळ्या येतात. मुरुम समजून त्यानं मेडिकलमधून स्टिरॉइडचं मलम आणलं. चार दिवस बरं वाटतं, मग दुप्पट भडकतं. दारू सोडली की तापणं लवकर कमी होतं, पण कायमच्या फुगलेल्या बारीक शिरा तशाच राहतात. ऊन आणि तिखटाचा त्रास तर असतोच.

तुझे चट्टे इतक्या लवकर ऐकणार नाहीत. तीन महिने दारू पूर्ण बंद ठेव आणि दर आठवड्याला त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढ. बोटांसकट तुझा पंजा म्हणजे अंगाचा साधारण 1 टक्का. चट्टे किती पंजे भरतात ते लिही. मात्र फसू नकोस. लातूरच्या कोरड्या थंडीनंच चट्टे वाढतात आणि उन्हाळ्याच्या उन्हानं बऱ्याच जणांचे उतरतात. जानेवारीत सोडून एप्रिलमध्ये बरं वाटलं, तर थोडं श्रेय उन्हाचं. खरी परीक्षा पुढच्या हिवाळ्यात. आणि रोग मुळासकट जाईल असं समजू नकोस. काहींना फरक पडतो, काहींना फारसा नाही.

पण रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडू नये. हात थरथरतात, भ्रम होतो, झटके येऊ शकतात. त्यानं आधी डॉक्टर गाठावा.

डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिली असेल तर ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज घेतली तर जीवावर बेतते. ही गोळी आणि दारू, दोन्ही यकृतावर येतात. म्हणून विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या सरकारी दवाखान्यात त्वचारोग विभागात गेलास की लाज सोडून सांग: किती पितोस आणि शेवटचं कधी प्यायलास.