चेतातंतूतील आवेगवहन आणि मायलिन : गुलेन-बॅरी विकाराच्या निमित्ताने

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या परिसरांत गुलेन-बॅरी विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काही आठवड्यांत ही संख्या दोनशेच्या पुढे गेली. अनेकांना आधी जुलाब झाले होते, आणि काही रुग्णांच्या मलनमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू आढळला. परिसरातील पिण्याच्या पाण्याकडे संशयाचे बोट वळले ते त्यामुळेच. बीड जिल्ह्यात प्रत्येक उन्हाळ्यात टँकरचे आणि खोल गेलेल्या विहिरींचे पाणी प्यावे लागते. जुलाबानंतर पायांतील बळ गेलेला रुग्ण येथेही प्रथम आपल्याच चिकित्सालयात येणार, हे गृहीत धरावयास हवे. अशा रुग्णात नेमके काय बिघडते हे समजण्यासाठी चेतातंतूतून आवेग कसा वाहतो, याची प्रस्तुत लेखात आम्ही उजळणी करीत आहोत.

आवेगाची उत्पत्ती

विश्रांत अवस्थेत अक्षतंतूच्या पटलाची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. पटलामध्ये सोडियमच्या वाहिन्या असतात आणि त्यांची दारे विद्युत्‌दाबाच्या बदलाने उघडतात. एखाद्या ठिकाणी हा दाब ऋण ७० वरून ऋण ५५ च्या आसपास आला की तेथील दारे एकदम उघडतात, सोडियम आत घुसतो आणि आतली बाजू क्षणभर धन ३० ते ४० पर्यंत चढते. ज्याला आपण महाविद्यालयात ॲक्शन पोटेन्शियल म्हणून शिकलो, ते हेच क्रियाविभव. त्याचा सारा खेळ साधारण एका मिलिसेकंदात आटोपतो. उंबरठा गाठला तर आवेग पुरा उठतो, न गाठला तर मुळीच उठत नाही. अर्धा आवेग ही वस्तू नाही.

सोडियमच्या वाहिनीला दोन अडथळे असतात. बाहेरचे दार दाब बदलताच उघडते. मात्र उघडल्यावर मिलिसेकंदाच्या आतच आतला अडसर आपोआप पडतो, आणि पटलाचा दाब पुन्हा ऋण होईपर्यंत तो उचलला जात नाही. दाब ऋण करण्याचे काम पोटॅशियमच्या वाहिन्या करतात. त्या किंचित उशिरा उघडतात आणि पोटॅशियम बाहेर सोडतात.

या अडसराचे महत्त्व आपल्याच औषधशाळेतील एका द्रव्यावरून ध्यानात येईल. अशोधित वत्सनाभातील ॲकोनिटिन हे विषद्रव्य सोडियमच्या वाहिनीला चिकटते आणि तिला बंद होऊ देत नाही. म्हणून प्रथम जिभेला व ओठांना मुंग्या येतात. तंतू विश्रांत दाबाला परतू न शकल्याने पुढे बधिरता येते आणि हृदयाची गती बिघडते. शोधनात ऊष्णता व जल यांच्या संयोगाने ॲकोनिटिनचे विघटन होऊन त्याची तीव्रता पुष्कळ कमी होते. शोधन अपुरे राहिले तर कोणता अडसर पडत नाही, हे औषधनिर्मात्यांनी लक्षात ठेवावे.

आवेग पुढेच का जातो?

एका ठिकाणी आत आलेला सोडियमचा भार आतल्या आत शेजारी पसरतो, तेथील दाब उंबरठ्यापर्यंत नेतो आणि तेथे नवा आवेग उठतो. भार दोन्ही बाजूंना पसरतो, तरी आवेग मागे फिरत नाही, कारण मागच्या वाहिन्यांचे अडसर अजून पडलेले असतात. उसाच्या फडातील पाचटाला लागलेली आग पुढे सरकते, जळून गेलेल्या भागाकडे परत येत नाही, तसे हे आहे. फरक इतकाच की येथे जळालेले पाचट थोड्याच मिलिसेकंदांत पुन्हा भरून येते.

या मधल्या काळाला अनुत्तेजन काल म्हणतात. पहिला सुमारे एक मिलिसेकंद कितीही उद्दीपन दिले तरी दुसरा आवेग उठत नाही. त्यानंतर काही मिलिसेकंद तो उठू शकतो, पण नेहमीपेक्षा अधिक उद्दीपनाने. एका सेकंदात तंतू किती आवेग वाहून नेऊ शकेल याची मर्यादा या कालावर ठरते. निरोगी जाड तंतू काही शे आवेग सहज नेतो.

मायलिनचे कार्य

उघड्या तंतूत प्रत्येक ठिकाणी दार उघडत आवेग पुढे सरकतो, म्हणून तो मंद असतो. वेदना व ताप यांची जाणीव नेणाऱ्या बारीक उघड्या तंतूंत त्याची गती सेकंदाला अर्धा ते दोन मीटर असते. मायलिनने आच्छादलेल्या जाड तंतूंत ती १०० मीटरच्याही पुढे जाते.

हा वेग साधण्याचा दुसरा मार्ग म्हणजे तंतू जाड करणे. माखली जातीच्या स्क्विड या समुद्रजीवाने तो पत्करला आहे. त्याचा महातंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि तरीही त्याचा वेग सेकंदाला साधारण २५ मीटरच असतो. याच तंतूवर प्रयोग करून हॉजकिन व हक्सली यांनी १९५२ मध्ये वाहिन्यांचे गणित मांडले. मनुष्याचा मायलिनयुक्त तंतू त्याच्या पंचविसाव्या भागाहूनही बारीक असतो, तरी वेगाने त्याला मागे टाकतो.

परिधीय चेतांमध्ये श्वान पेशी तंतूभोवती आपल्याच पटलाचे वेढ्यावर वेढे घालतात. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. भार बाहेर झिरपत नाही, आणि पटल जाड झाल्याने त्याचा दाब बदलण्यास फारच थोडा भार पुरतो. परिणामी एका ठिकाणचा भार सुमारे एक मिलिमीटरपर्यंत जोम न गमावता पोचतो. तेथे आवरणात अगदी अरुंद खंड असतो. त्याला रॅनव्हिएची गाठ म्हणतात. सोडियमच्या वाहिन्या या गाठींतच दाटीने बसलेल्या असतात, आच्छादित भागात त्या विरळ असतात. आवेग एका गाठीवर नव्याने उठतो आणि लगेच पुढच्या गाठीवर. सेकंदाला ५० मीटर गतीने हे एक मिलिमीटर अंतर २० मायक्रोसेकंदांत, म्हणजे मिलिसेकंदाच्या पन्नासाव्या भागात, कापले जाते.

निरोगी गाठ पुढच्या गाठीला उंबरठ्यापर्यंत नेण्यासाठी लागणाऱ्या भाराच्या पाच ते सात पट भार पुरविते. ही शिल्लक हीच वहनाची सुरक्षितता होय. मायलिन विरळ झाले की भार वाटेत गळतो आणि उघड्या पडलेल्या पटलावर खर्च होतो. पाच पटींचे दोन पट झाले तर आवेग पोचतो, पण उशिरा. एका पटीच्या खाली गेले तर पुढची गाठ पेटतच नाही. तंतू तुटलेला नसतो, तरी वहन थांबते.

रुग्णामध्ये हे कसे दिसते?

एक रुग्ण कल्पू या. वय ३५, ऊसतोडणीहून नुकताच गेवराई तालुक्यात परतलेला. दहा दिवसांपूर्वी जुलाब होऊन बरे झाले. आता दोन्ही तळपायांना मुंग्या आहेत. काल जिना चढताना पाय उचलेनात, आज उकिडवे बसल्यावर उठता येत नाही. तापाची कणकण नाही, शुद्ध उत्तम आहे. पक्षाघाताप्रमाणे एक बाजू गेलेली नाही, दोन्ही पाय सारखेच दुर्बळ आहेत आणि दुर्बलता खालून वर चढते आहे.

आता टाचेवरच्या शिरेवर हातोडी मारावी. पाऊल हलत नाही. याचे कारण वरील विवेचनात आहे. पोटरीपासून मज्जारज्जूपर्यंतचे अंतर ७५ सेंटिमीटर धरू. सेकंदाला ५० मीटर गतीने सर्व तंतूंचे आवेग १५ मिलिसेकंदांत एकदम पोचतात आणि त्या एकत्रित धक्क्याने प्रतिक्षेप उठतो. मायलिन सर्व तंतूंत सारखे झडत नाही. काहींची गती ४० वर, काहींची २५ वर, काहींची २० वर येते. त्यांचे आवेग अनुक्रमे सुमारे १९, ३० आणि ३७ मिलिसेकंदांनी पोचतात, काहींचे पोचतच नाहीत. धक्का विखुरतो आणि प्रतिक्षेप नाहीसा होतो. म्हणून स्नायूत थोडे बळ शिल्लक असतानाही तो लोप पावतो. तथापि काही रुग्णांत प्रतिक्षेप टिकून राहतात, त्यामुळे केवळ तो मिळाला म्हणून निश्चिंत होऊ नये.

बळाची परीक्षा एकदाच करू नये. मायलिन गेलेल्या भागात अनुत्तेजन काल लांबतो, त्यामुळे तंतू एक-दोन आवेग नेतो, पण लागोपाठची माळ नेऊ शकत नाही. पहिली मूठ बरी वळते, पाचवी ढिली पडते.

येथे स्वेदनाविषयी सावध करणे आवश्यक आहे. ऊष्णतेने सोडियमच्या वाहिनीचा अडसर लवकर पडतो, म्हणजे प्रत्येक गाठीवर मिळणारा भार कमी होतो. निरोगी तंतूत शिल्लक भरपूर असल्याने हे जाणवत नाही. पण काठावर चाललेल्या तंतूत वहन थांबू शकते. शिवाय या विकारात रक्तदाब व नाडीगती अकस्मात बदलतात. वातव्याधी समजून या अवस्थेत बाष्पस्वेद देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

कॅम्पायलोबॅक्टरनंतरच्या प्रकारात अनेकदा मायलिनऐवजी अक्षतंतूवरच, तोही गाठीपाशी, प्रतिपिंडांचा आघात होतो. तेथील वाहिन्यांची मांडणी विस्कटते. मार्ग वेगळा असला तरी आवेग गाठीपाशीच थांबतो आणि रुग्ण जवळजवळ तसाच दिसतो.

चिकित्सकाने काय करावे?

खरा धोका श्वसनाच्या स्नायूंचा असतो. साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाला कृत्रिम श्वासाची गरज पडते. रुग्णाला खोल श्वास घ्यावयास सांगून एका श्वासात मोठ्याने अंक मोजावयास लावावे. वीसच्या आत थांबत असेल, उशीवरून मान उचलता येत नसेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा आवाज नाकातून येत असेल, तर एक तासही दवडू नये. प्राणवायूची पातळी बोटावरच्या यंत्रात चांगली दिसत राहते व अगदी शेवटी घसरते, म्हणून तिच्यावर विसंबू नये.

यातील एकही लक्षण नसले तरी, दोन्ही पायांची चढती दुर्बलता आणि लुप्त प्रतिक्षेप एवढ्यावरच रुग्णाला त्याच दिवशी व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात पाठवावे. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जाण्याआधी चेतावहनाची चाचणी करून घेण्यात दिवस घालवू नयेत. पहिल्या काही दिवसांत ती चाचणी, तसेच पाठीच्या पाण्याची तपासणीही, निर्दोष येऊ शकते. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणे हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास विशेष उपयोगी पडतात. स्टिरॉइडच्या गोळ्यांचा या विकारात उपयोग होत नाही. औषधविक्रेत्यांनी त्या दुर्बलतेवर म्हणून देऊ नयेत.

पुढे काय होईल हेही तंतूच्या अवस्थेवरूनच ठरते. केवळ मायलिन गेले असेल तर श्वान पेशी काही आठवडे-महिन्यांत नवे वेढे घालतात. ते पूर्वीपेक्षा पातळ असल्याने चाचणीत वेग मंदच राहतो, पण आवेग पोचू लागल्याने बळ परत येते. अक्षतंतूच तुटला असेल तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर ९० सेंटिमीटर धरले तर ९०० दिवस लागतात. स्नायू तोवर कृश होऊन जातो. रुग्णालयातून परतलेल्या रुग्णाला अभ्यंग व सांध्यांची हालचाल यांचा आपण आधार देतो, तेव्हा त्याच्या नातेवाइकांना कोणत्या मुदतीचे आश्वासन द्यावे, हे ठरवताना हा फरक उपयोगी पडेल.