दुहेरी कोष्टकावरून शेतकरीवार नोंदी कशा तयार कराव्यात?

गावपाहणीचे जुने अहवाल अनेक कार्यालयांत जपून ठेवलेले असतात. परंतु ज्या प्रश्नपत्रिकांवरून ते तयार झाले, त्या बहुधा शिल्लक राहिलेल्या नसतात. अहवालाची स्कॅन केलेली प्रत व तीतील कोष्टके एवढाच आधार उरतो. आजची संगणकीय विश्लेषणाची कित्येक साधने मात्र प्रत्येक शेतकऱ्यामागे एक ओळ मागतात. अशा वेळी कोष्टकातील संख्या उलगडून पुन्हा एकेका शेतकऱ्याच्या नोंदी तयार करता येतात. ही रीत सोपी आहे. मात्र तिची मर्यादा ध्यानात न घेतल्यास चुकीचा निष्कर्ष निघून एखाद्या योजनेचा पैसा भलत्याच ठिकाणी खर्ची पडण्याचा संभव असतो.

दिंडोरी तालुक्यातील वणी परिसर द्राक्षबागांचा आहे. तेथील १२० बागाईतदारांची पाहणी झाली असून तिच्या अहवालात पुढील कोष्टक छापले आहे, असे समजू. हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून मानलेले आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष पाहणीतील नव्हेत.

| जमीनधारणा | ठिबक आहे | ठिबक नाही | एकूण |
|---|---|---|---|
| १ हेक्टरहून कमी | १४ | २६ | ४० |
| १ ते २ हेक्टर | २७ | १८ | ४५ |
| २ हेक्टर व अधिक | २९ | ६ | ३५ |
| एकूण | ७० | ५० | १२० |

प्रथम आकडे तपासावेत

स्कॅन केलेल्या पानावरील आकडे संगणकाने वाचले असोत वा माणसाने उतरवून घेतले असोत, पुसट छपाईमुळे चूक होतेच. म्हणून उतरवून घेतलेल्या आकड्यांची आडवी व उभी बेरीज करून ती छापील बेरजेशी ताडून पाहावी. समजा, २६ हा आकडा २३ असा वाचला गेला. आता पहिल्या ओळीची बेरीज ४० ऐवजी ३७ येईल, व ‘ठिबक नाही’ या स्तंभाची ५० ऐवजी ४७. दोन्हीकडे ३ चीच तूट आहे. तेव्हा ती ओळ व तो स्तंभ जेथे मिळतात, त्याच घरात चूक आहे हे उघड होते. तूट फक्त आडव्या बेरजेत दिसत असेल व सर्व स्तंभ बरोबर जुळत असतील, तर बहुधा त्या ओळीची छापील बेरीजच चुकीची वाचली गेलेली असते. मूळ पान पुन्हा पाहूनच दुरुस्ती करावी. बेरीज जुळावी म्हणून अंदाजाने आकडा बदलू नये.

मग घरागणिक एक ओळ लिहावी

कोष्टकात सहा घरे आहेत. बेरजांची घरे यात मोजावयाची नाहीत. बेरजाही घेतल्या तर एकच शेतकरी अनेक वेळा मोजला जातो. सहा घरांच्या सहा ओळी एका साध्या फाइलीत लिहाव्यात. येथे A, B, C हे जमिनीचे तीन गट, आणि १ म्हणजे ठिबक आहे व ० म्हणजे नाही.

```
land,drip,count
A,1,14
A,0,26
B,1,27
B,0,18
C,1,29
C,0,6
```

फाइलीतील आकडे इंग्रजी अंकांतच टंकित करावेत. देवनागरी अंक लिहिल्यास संगणक त्यांना संख्या न मानता अक्षरे मानण्याचा संभव असतो व पुढील काम अडते.

नंतर प्रत्येक ओळ तिच्या संख्येइतकी पुनः लिहावी

पहिली ओळ १४ वेळा, दुसरी २६ वेळा, याप्रमाणे लिहिले म्हणजे १२० ओळी होतात. ‘आर’ या संगणकीय भाषेत हे काम तीन ओळींत होते:

```
t <- read.csv("vani.csv")
n <- t[rep(1:nrow(t), t$count), c("land", "drip")]
table(n$land, n$drip)
```

शेवटची ओळ नव्या नोंदींवरून पुन्हा कोष्टक मांडते. ते मूळ कोष्टकाशी घरोघर जुळले पाहिजे. स्तंभांचा क्रम मात्र उलट, म्हणजे ० आधी व १ नंतर, असा येईल. एक घर जरी जुळले नाही तरी पुढे जाऊ नये. जुळल्यावर गटवार प्रमाण काढावे. लहान गटात ४० पैकी १४ म्हणजे शेकडा ३५, मधल्या गटात शेकडा ६०, व मोठ्या गटात सुमारे शेकडा ८३ शेतकऱ्यांकडे ठिबक आहे. अशा पाहणीवरून, ठिबकाच्या प्रसाराचे काम प्रथम लहान बागाईतदारांकडे वळवावे असे म्हणता येईल.

दोन कोष्टके शेजारी जोडू नयेत

या कामात सर्वांत मोठी चूक येथे होते. त्याच अहवालात माती परीक्षणाचे दुसरे कोष्टक आहे असे समजू. त्यात पहिल्या गटातील १०, दुसऱ्यातील २० व तिसऱ्यातील २२ अशा एकूण ५२ शेतकऱ्यांनी माती तपासून घेतली आहे. तेही कोष्टक वरीलप्रमाणे उलगडले की १२० ओळी होतात. दोन्हींत गट तेच, ओळीही तितक्याच. तेव्हा दोन्ही याद्या शेजारी चिकटवण्याचा मोह होतो.

तसे केल्यास काय होते ते पाहावे. दोन्ही याद्यांत ‘आहे’ अशी उत्तरे प्रत्येक गटात वरच्या बाजूस आलेली असतात. त्यामुळे पहिल्या गटातील माती तपासणारे दहाही जण ठिबक असलेल्या चौदांच्या शेजारी बसतात. इतर गटांतही तसेच घडते, आणि माती तपासणाऱ्या ५२ पैकी ५२ शेतकऱ्यांकडे ठिबक आहे असे दिसू लागते. हा शोध नव्हे. ओळींच्या क्रमाने निर्माण केलेला भास आहे.

खरी स्थिती अशी की दोन्ही गोष्टी करणारे शेतकरी किती, हे या दोन कोष्टकांत लिहिलेलेच नाही. पहिल्या गटात ते ० ते १० पर्यंत कितीही असू शकतात. दुसऱ्या गटात ठिबकवाले २७ व माती तपासणारे २० मिळून ४७ होतात. शेतकरी तर ४५ च. म्हणून किमान २ जण दोन्ही गोष्टी करणारे असलेच पाहिजेत, व कमाल २०. याच हिशेबाने तिसऱ्या गटात ते १६ ते २२ येतात. एकूण संख्या १८ ते ५२ यांमध्ये कोठेही असू शकेल. ती नेमकी हवी असेल, तर जमीन, ठिबक व माती परीक्षण या तिन्ही गोष्टी एकत्र दाखविणारे कोष्टक शोधावे, अथवा शेतकऱ्यांना पुन्हा विचारावे.

कोणते कोष्टक उलगडू नये

तीन प्रकारची कोष्टके या रीतीस योग्य नसतात. एका शेतकऱ्याने अनेक उत्तरे दिली असतील, उदाहरणार्थ माहिती रेडिओवरूनही मिळाली व शेजाऱ्याकडूनही, तर घरांची बेरीज शेतकऱ्यांच्या संख्येहून अधिक भरते. अशा कोष्टकात एक उत्तर म्हणजे एक माणूस नव्हे. केवळ शेकडेवारी दिलेली असून पायाभूत संख्या दिलेली नसेल, तर मूळ संख्या काढता येत नाही. तिसरा प्रकार नमुन्यावरून फुगविलेल्या आकड्यांचा. भारतात १९७०-७१ पासून कृषिगणना होत आली आहे. तिच्याशी संलग्न असलेली निविष्ठा पाहणी सर्व गावांची नसून निवडक गावांच्या नमुन्यावर आधारलेली असते, व तिचे छापील आकडे संपूर्ण क्षेत्रासाठी अंदाजिलेले असतात. ते उलगडल्यास ज्यांना कोणी प्रश्नच विचारला नाही अशा हजारो शेतकऱ्यांच्या नोंदी तयार होतात, आणि किरकोळ फरकही पक्का ठरल्यासारखा दिसतो.

उलगडलेल्या प्रत्येक फाइलीच्या नावातच अहवालाचे वर्ष, पृष्ठ व कोष्टक क्रमांक लिहून ठेवावा. पुढे ती फाइल हाती घेणाऱ्यास या १२० ओळी म्हणजे भरलेल्या प्रश्नपत्रिका नसून एकाच कोष्टकाची सहा घरे आहेत, हे त्यावरून कळेल.