आंतरवासितेतील पहिला आठवडा : अध्ययन-उद्दिष्टांचे टिपण

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• अध्ययन-उद्दिष्ट आणि नेमून दिलेले काम यांतील फरक सांगता येईल.
• मार्गदर्शकांशी चर्चा करून उद्दिष्टांचे टिपण तयार करता येईल.
• टिपणाप्रमाणे काम होत नसल्यास ते ओळखून योग्य वेळी बोलता येईल.

1. प्रास्ताविक

मराठीचा विद्यार्थी आंतरवासितेसाठी प्रकाशनसंस्थेत जातो तेव्हा पुस्तक कसे घडते हे आपल्याला पाहायला मिळेल, अशी त्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात पहिले काही दिवस झेरॉक्स काढणे, पार्सले कुरियरला देणे, गोदामातून प्रती आणणे यांत जातात. यामागे बहुधा कोणाचा वाईट हेतू नसतो. संपादकांच्या हाती चार पुस्तके एकाच वेळी चालू असतात. नवख्या व्यक्तीला त्यांतले काय द्यावे, हे ठरवण्यास त्यांना सवड नसते. समजावून न सांगता देता येईल असे काम म्हणजे किरकोळ काम. म्हणून तेच दिले जाते. तेव्हा, देण्याजोगे काम कोणते हे मार्गदर्शकांसमोर आयते मांडणे, हे उद्दिष्ट-टिपणाचे खरे कार्य होय.

2. उद्दिष्ट कसे लिहावे?

एक उदाहरण घेऊ. एका विद्यार्थिनीची आंतरवासिता पुण्यातील एका प्रकाशनसंस्थेत सहा आठवड्यांची, आठवड्याला 20 तास, म्हणजे एकूण 120 तासांची आहे, असे समजा. पहिले दोन दिवस तिने केवळ निरीक्षण केले : कोणती पुस्तके कोणत्या टप्प्यावर आहेत, मुद्रिते कोण वाचते, कोणते काम अडून राहते. तिसऱ्या दिवशी तिने कच्चे टिपण लिहिले. त्यातील पहिले वाक्य होते : ‘मुद्रितशोधन शिकणे.’

हे वाक्य इच्छा सांगते, उद्दिष्ट सांगत नाही. कोणत्या मजकुरावर, किती, कोण तपासणार आणि शिकलो हे कशावरून कळणार, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात नाहीत. ती उत्तरे घालून वाक्य असे झाले :

‘चालू ललितगद्याच्या पुस्तकाचे चार फर्मे (प्रत्येकी 16 पाने) मूळ प्रतीशी ताडून वाचेन. प्रत्येक फर्मा माझ्यानंतर संपादिका वाचतील. त्यांना सापडलेल्या, परंतु माझ्याकडून निसटलेल्या चुका मी प्रकारानुसार नोंदवेन. चौथ्या फर्म्यात दहापैकी नऊ चुका मला सापडलेल्या असाव्यात.’

येथे केवळ निसटलेल्या चुकांची संख्या का धरली नाही, हे लक्षात घ्या. एखादा फर्मा मुळातच स्वच्छ असतो, तर एखाद्यात चुकांची दाटी असते. पहिल्या फर्म्यात विद्यार्थिनीला 26 चुका सापडल्या आणि संपादिकांना आणखी 14, तर एकूण 40 पैकी 26 सापडल्या असे म्हणावे. पुढच्या फर्म्याशी तुलना करण्यास हे प्रमाण उपयोगी पडते.

चुकांची प्रकारवार नोंदही तितकीच आवश्यक आहे. निसटलेल्या 14 पैकी नऊ चुका सामान्यरूपातील ऱ्हस्व-दीर्घाच्या असतील, तर अभ्यास कशाचा करावा हे आपोआप ठरते. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते. पण ‘शरीर’ हा तत्सम शब्द असल्याने ‘शरीरात’ असेच लिहिले जाते. हा नियम पाठ असणे वेगळे आणि वाचनाच्या ओघात चूक डोळ्यांना खटकणे वेगळे. आंतरवासितेत दुसरी क्षमता मिळवायची असते.

3. मार्गदर्शकांशी चर्चा

चौथ्या दिवशी विद्यार्थिनीने संपादिकांकडे वीस मिनिटांचा वेळ मागितला आणि एका पानाचे कच्चे टिपण त्यांच्यापुढे ठेवले. त्यात पाच उद्दिष्टे होती. चर्चेत तीन उरली.

मुद्रितशोधनाचे उद्दिष्ट कायम राहिले, कारण संपादिकांना दुसरे वाचन तसेही करायचेच होते. त्यांच्यावर वेगळा भार पडत नव्हता. मात्र अप्रकाशित मजकूर घरी न्यायचा नाही, ही अट त्यांनी घातली. दोन पुस्तकांसाठी मलपृष्ठावरील मजकूर लिहिण्याचे दुसरे उद्दिष्टही मान्य झाले. प्रत्येकी सुमारे 150 शब्द आणि तीन खर्डे. तिसरे उद्दिष्ट होते, एक पुस्तक हस्तलिखितापासून छपाईपर्यंत पाहण्याचे. त्यावर संपादिका म्हणाल्या, “सहा आठवड्यांत पुस्तक पूर्ण होणार नाही. त्यापेक्षा मागच्या वर्षीच्या एका पुस्तकाची फाईल देते. तीवरून प्रत्येक टप्पा लिहून काढ.” मुखपृष्ठ-रचना आणि विक्री ही उद्दिष्टे गळाली, कारण ती कामे संस्था बाहेरून करून घेत होती. अशी दुरुस्ती हाच चर्चेचा लाभ होय. विद्यार्थ्याने एकट्याने लिहिलेले टिपण संस्थेच्या वास्तवाशी जुळेलच असे नाही.

4. किरकोळ कामांचे स्थान

टिपणात किरकोळ कामांना नकार देऊ नये. त्यांची मर्यादा लिहावी. या उदाहरणात आठवड्याच्या 20 तासांची वाटणी अशी ठरली : उद्दिष्टांसाठी 12 तास, कार्यालयीन कामांसाठी 7 तास आणि शुक्रवारी मार्गदर्शकांसोबत आढाव्यासाठी 1 तास. नवशिक्याला ताडून वाचताना तासाला पाच-सहा पाने होतात असे धरले, तर एका फर्म्याला सुमारे तीन तास लागतात. म्हणजे 12 तासांत आठवड्याला एक फर्मा, त्याच्या नोंदी आणि उरलेल्या दोन उद्दिष्टांचे काम बसते.

काही किरकोळ कामे उद्दिष्टाला जोडताही येतात. लेखकाकडे मुद्रिते पोहोचवायची असतील, तर लेखकाने केलेले बदल परत आल्यावर संपादिकांसोबत पाहण्याची परवानगी मागावी. मुद्रितावर लेखक किती नवा मजकूर घालतो आणि त्याने पाने कशी सरकतात, हे त्यातून कळते.

पाचव्या दिवशी टिपणाची पक्की प्रत करून दोघांनी स्वाक्षऱ्या केल्या. एक प्रत मार्गदर्शकांकडे, एक विद्यार्थिनीच्या दैनंदिनीत राहिली.

5. टिपण कोलमडते तेव्हा

स्वाक्षरी झाली म्हणजे टिपण पाळले जाईलच असे नाही. पुस्तक-प्रदर्शन जवळ आले की सर्वांचे हात पार्सलांत गुंततात. म्हणून दैनंदिनीत रोज कामाचे तास दोन स्तंभांत लिहावेत : उद्दिष्टांचे आणि इतर. एखाद्या आठवड्यात उद्दिष्टांचे तास ठरलेल्याच्या निम्म्याहून कमी भरले, तर शुक्रवारच्या आढाव्यात ते सांगावे. तक्रारीचा सूर न ठेवता आकडा आणि मागणी एकत्र मांडावी : “मॅडम, या आठवड्यात फर्म्यासाठी पाचच तास मिळाले. पुढच्या आठवड्यात सकाळचे पहिले दोन तास त्यासाठी राखून ठेवता येतील का?” अशा प्रश्नाला होकार देणे सोपे जाते.

याउलट, तास भरत असूनही प्रमाण सुधारत नसेल, तर दोष वेळेचा नसून पद्धतीचा आहे. अशा वेळी उद्दिष्ट चारऐवजी तीन फर्म्यांचे करून प्रत्येक फर्मा दोनदा वाचावा आणि हा बदल टिपणात तारखेसह नोंदवावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. ‘ग्रंथालयाचे काम समजून घेणे’ या वाक्याचे अध्ययन-उद्दिष्टात रूपांतर करा.
2. एका फर्म्यात तुम्हांला 18 चुका सापडल्या आणि 6 निसटल्या. दुसऱ्यात 9 सापडल्या आणि 3 निसटल्या. तुमची प्रगती झाली का? सकारण लिहा.
3. तुमच्या आंतरवासितेतील कोणतेही एक किरकोळ काम निवडा आणि ते कोणत्या उद्दिष्टाला जोडता येईल ते पाच ओळींत स्पष्ट करा.